R² ०.९९ आला, म्हणजे रेषा बसली का? रेसिड्युअल प्लॉटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात बी.एस्सी.च्या मुलांची स्टॅटिस्टिक्सची प्रॅक्टिकल्स घेताना दरवर्षी जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कळवा, ऐरोली, वाशीहून येणाऱ्या मुलांच्या शंका जवळपास सारख्याच असतात आणि बहुतेक एकाच जागी येऊन थांबतात: रिग्रेशन केलं, R² चांगला आला, आता आणखी काय बघायचं? पुढचं सगळं विवेचन मुद्दाम एकाच प्रयोगावर बेतलं आहे. दर प्रश्नाला नवा डेटा दिला की आकडे बदलतात आणि मुद्दा निसटतो.

प्रयोग कोणता आहे?

सरळ उभ्या भिंतीचा, २० सेंटीमीटर व्यासाचा प्लॅस्टिकचा ड्रम घ्यायचा. जांभळी नाक्याच्या बाजारात असे ड्रम सहज मिळतात. फक्त वर रुंद आणि खाली निमुळता होत जाणारा घेऊ नका, कारण मग पातळी आणि पाण्याचं प्रमाण यांचा हिशेब बदलतो. तळाजवळ ४ मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि बाहेरून पट्टी अशी चिकटवायची की शून्य बरोबर भोकाच्या मध्यावर येईल. भोकाच्या वर ३६ सेंटीमीटरपर्यंत पाणी भरायचं, भोकावरचं बोट काढायचं आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दर मिनिटाला पातळी वाचायची. प्रश्न साधा आहे: वेळेप्रमाणे पातळी कशी उतरते?

अशा ड्रममध्ये साधारण पुढच्यासारखी वाचनं येतात. गणित तपासायला सोपं जावं म्हणून सुरुवात ३६ वर ठेवून हे आकडे उदाहरणासाठी मांडले आहेत. तिसऱ्या आणि चौथ्या स्तंभात सरळ रेषेचा अंदाज आणि रेसिड्युअल दिला आहे.

| वेळ (मिनिटं) | पातळी (सेमी) | रेषेचा अंदाज | रेसिड्युअल |
|---|---|---|---|
| ० | ३६.० | ३४.६४ | +१.३६ |
| १ | ३२.४ | ३१.९४ | +०.४६ |
| २ | २९.३ | २९.२४ | +०.०६ |
| ३ | २६.० | २६.५४ | −०.५४ |
| ४ | २२.९ | २३.८४ | −०.९४ |
| ५ | २०.३ | २१.१५ | −०.८५ |
| ६ | १७.७ | १८.४५ | −०.७५ |
| ७ | १५.१ | १५.७५ | −०.६५ |
| ८ | १३.० | १३.०५ | −०.०५ |
| ९ | १०.९ | १०.३५ | +०.५५ |
| १० | ९.० | ७.६५ | +१.३५ |

रेसिड्युअल म्हणजे काय आणि त्याचा प्लॉट कसा काढायचा?

प्रत्यक्ष वाचनातून रेषेचा अंदाज वजा केला की उरतो तो रेसिड्युअल. वजाबाकीचा क्रम उलटा करू नका. वाचन रेषेच्या वर असेल तर रेसिड्युअल अधिक, खाली असेल तर उणे.

वरच्या डेटाला लीस्ट स्क्वेअर्सची रेषा बसवली की उतार −२.७० येतो आणि इंटरसेप्ट ३४.६४. म्हणजे रेषेचं म्हणणं असं की पातळी दर मिनिटाला २.७ सेंटीमीटर उतरते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच वेगाने. आता आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर रेसिड्युअल घ्या, शून्यापाशी एक आडवी रेघ मारा आणि अकरा ठिपके मांडा. झाला प्लॉट. एकदा तरी हा ग्राफ पेपरवर हाताने काढा असं मी मुलांना आग्रहाने सांगते, कारण ठिपका मांडताना त्याचं चिन्ह आपोआप लक्षात राहतं. त्यानंतर कॉम्प्युटरवर काढायला हरकत नाही:

```python
import numpy as np
import matplotlib.pyplot as plt

t = np.arange(11)
h = np.array([36.0, 32.4, 29.3, 26.0, 22.9, 20.3,
              17.7, 15.1, 13.0, 10.9, 9.0])
m, c = np.polyfit(t, h, 1)
e = h - (m*t + c)
plt.scatter(t, e)
plt.axhline(0)
plt.show()
```

पण R² तर ०.९९१ आला! मग रेषा चुकीची कशी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून याला जरा सावकाश उत्तर देते.

R² आपल्याला एवढंच सांगतो की पातळीतल्या एकूण चढउतारापैकी किती भाग रेषेने टिपला. इथे पातळी ३६ वरून ९ वर आली. उतार इतका मोठा असताना त्याच्या जवळपास जाणारी कुठलीही घसरती रेषा बहुतेक चढउतार टिपणारच. उरलेला भाग एक टक्क्याहूनही कमी आहे. पण R² तो उरलेला भाग किती आहे ते सांगतो, त्याची रचना सांगत नाही. तो भाग इतस्तत: विखुरलेला आहे की शिस्तीत रांगेने उभा आहे, हे त्या एका आकड्यातून कळायला मार्ग नाही.

आता तक्त्यातली चिन्हं वरून खाली वाचा. तीन अधिक, मग सलग सहा उणे, मग दोन अधिक. दोन्ही टोकं वर आणि मधला भाग खाली, असा प्लॉट वाटीसारखा दिसतो. याचा अर्थ रेषा सुरुवातीला कमी पातळी सांगते, मध्ये जास्त सांगते आणि शेवटी पुन्हा कमी सांगते. चूक कुठल्या दिशेला होणार हे वेळ बघून आधीच सांगता येतं. जी चूक आधी सांगता येते ती वाचनातली गडबड नसते. डेटामध्ये असलेली एखादी गोष्ट रेषेने घेतलेलीच नाही, असा तिचा अर्थ होतो.

यासाठी तक्त्यातच एक साधी पडताळणी आहे. पहिल्या मिनिटात पातळी ३६.० वरून ३२.४ वर आली, म्हणजे ३.६ सेंटीमीटर उतरली. शेवटच्या मिनिटात १०.९ वरून ९.० वर, म्हणजे फक्त १.९. वेग जवळजवळ निम्मा झाला आहे आणि रेषा मात्र दोन्हीकडे २.७ म्हणते.

संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी १९७३ साली चार छोटे डेटा संच मांडले होते. चौघांची रिग्रेशन रेषा एकच, R² ही एकच, साधारण ०.६७. ग्राफ काढला की चौघांची चित्रं मात्र पूर्णपणे वेगळी. त्यातल्या दुसऱ्या संचात आपल्या ड्रमसारखीच स्वच्छ वक्ररेषा आहे, फक्त तिचा बाक उलट दिशेचा आहे. R² बघून थांबू नये यासाठी त्याहून चांगला पुरावा माझ्या माहितीत नाही.

इतक्या छोट्या रेसिड्युअलची पर्वा कशाला करायची? एक-दीड सेंटीमीटर तर आहे.

छोटं कशाच्या तुलनेत, हे आधी ठरवायला हवं. रेसिड्युअलची तुलना ३६ सेंटीमीटरशी करायची नसते, ती वाचनातल्या चुकीशी करायची. पट्टीवर पातळी वाचताना डोळा थोडा वर-खाली होतो, पाण्याचा पृष्ठभाग हलतो, काठाशी पाणी किंचित वर चढलेलं दिसतं. या सगळ्यामुळे एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतात. सेंटीमीटरभर होत नाहीत.

आपल्या रेषेभोवती रेसिड्युअलचं प्रमाण विचलन सुमारे ०.८९ सेंटीमीटर आहे, म्हणजे वाचनाच्या चुकीच्या निदान चार-पाच पट. पट्टी इतकी चुकत नाही, म्हणजे उरलेली चूक मॉडेलची. ही तुलना मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती केली की R² किती आला याची वाट बघावी लागत नाही. उपकरण किती चुकू शकतं हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं. रेसिड्युअल त्याहून बरेच मोठे निघाले तर काहीतरी राहून गेलं आहे हे नक्की.

रेषा चुकीची असल्याने प्रत्यक्षात काय बिघडतं?

० ते १० मिनिटांच्या आत आणि दीड सेंटीमीटर इकडेतिकडे चालणार असेल तर काहीच बिघडत नाही. रेषा खुशाल वापरा आणि चूक किती होते ते लिहून ठेवा. त्यात काही गैर नाही.

बिघडतं ते पुढचा अंदाज करताना. ड्रम कधी रिकामा होईल असं या रेषेला विचारलं तर ती १२.८ मिनिटं सांगते. १५व्या मिनिटाला तिच्या मते पातळी −५.८५ सेंटीमीटर असेल, म्हणजे भोकाच्या सहा सेंटीमीटर खाली. प्रत्यक्षात त्या वेळी भोकाच्या वर दोन-सव्वादोन सेंटीमीटर पाणी असतं आणि धार चालू असते. शेवटच्या दोन ठिपक्यांनी हे आधीच सांगितलं होतं: +०.५५, मग +१.३५, म्हणजे वाचनं रेषेपासून वर सुटत चालली होती.

मग योग्य मॉडेल कसं शोधायचं? वक्र दिसला की लॉग घ्यायचा ना?

नाही, आधी पाण्याचा विचार करा. भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पातळीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. हा सतराव्या शतकातल्या टोरिचेल्लीचा नियम आहे आणि बारावीच्या फिजिक्समध्ये तो √(2gh) या रूपात भेटलेला असतो. ड्रमच्या भिंती उभ्या असल्याने पातळी उतरण्याचा वेगही √h च्या प्रमाणात येतो. आणि एखादी राशी स्वत:च्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटत असेल तर तिचं वर्गमूळ एकसारख्या वेगाने घटतं. म्हणजे सरळ रेषा इथेही आहे, फक्त ती h आणि वेळेत नाही, √h आणि वेळेत आहे.

प्रत्येक पातळीचं वर्गमूळ काढून पुन्हा रिग्रेशन करा. उतार −०.३००, इंटरसेप्ट ५.९९९. आता रेसिड्युअलची चिन्हं क्रमाने अशी येतात: + − + − − + + − + + −. सगळ्यात मोठा रेसिड्युअल ०.०१४ आहे. तो चौथ्या मिनिटाला येतो. त्याला सेंटीमीटरमध्ये परत आणायचं तर वर्गमुळाच्या दुपटीने गुणायचं, ते साधारण ०.१३ होतं. म्हणजे सव्वा मिलिमीटर, पट्टी वाचताना होते तेवढीच चूक. आता मॉडेलच्या नावावर टाकण्यासारखं काही उरलं नाही. ड्रम रिकामा होण्याची वेळही १२.८ ऐवजी २० मिनिटं येते.

लॉग घेतला तर काय होतं ते मुद्दाम करून बघा. लॉग तेव्हा बरोबर ठरला असता, जेव्हा उतरण्याचा वेग थेट h च्या प्रमाणात असता. तसं भोकाऐवजी लांब, बारीक केशनळी लावली आणि पाणी तिच्यातून संथ वाहत असेल तर होतं. आपल्या ड्रममध्ये लॉगनंतरचा रेसिड्युअल प्लॉट पालथा पडतो: टोकं खाली, मधला भाग वर. म्हणजे दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त झाली. हा पालथा आकार खूप उपयोगी असतो, कारण खरं उत्तर मूळ h आणि लॉग यांच्या मध्ये कुठेतरी आहे हे तो दाखवतो. वर्गमूळ नेमकं तिथेच बसतं.

वेळेचा वर्ग घालून, म्हणजे t² चं पद वाढवून चालत नाही का?

० ते १० मिनिटांत उत्तम चालतं. √h सरळ रेषेत असेल तर h हे वेळेचं द्विघाती सूत्र असतंच. रेसिड्युअल प्लॉट तितकाच स्वच्छ येईल. फरक असा की द्विघाती वक्र तळाला जाऊन परत वर चढतो. २५व्या मिनिटाला तो ड्रममध्ये पाणी दाखवेल. रेसिड्युअल प्लॉट फक्त तुमच्याकडे वाचनं आहेत तेवढ्या पट्ट्यातलं सांगतो, त्याच्या पलीकडचं नाही. दोन मॉडेल्सचे प्लॉट सारखेच चांगले असतील तेव्हा निवड विषयाच्या ज्ञानावरच करावी लागते.

ठिपके अकराच आहेत. मला आकार दिसतोय तो भास नाही कशावरून?

शंका रास्त आहे, कारण माणसाच्या डोळ्याला कशातही आकार दिसतो. दोन गोष्टी करता येतात.

पहिली, सलग चिन्हांचे गट मोजा. पहिल्या प्लॉटमध्ये तीनच गट होते: अधिक, उणे, अधिक. पाच अधिक आणि सहा उणे चिन्हं मांडण्याचे एकूण ४६२ प्रकार होतात. त्यातल्या फक्त ११ प्रकारांत गट तीन किंवा त्याहून कमी पडतात. म्हणजे नुसत्या योगायोगाने असं दिसण्याची शक्यता अडीच टक्क्यांच्या आत आहे. रेसिड्युअल एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र नसतात, त्यामुळे हा आकडा ढोबळ समजा, पण दिशा दाखवायला पुरेसा आहे. वर्गमुळाच्या प्लॉटमध्ये आठ गट येतात.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते. तेच अकरा रेसिड्युअल चिठ्ठ्यांवर लिहून पिसा आणि वेगवेगळ्या क्रमाने मांडून त्यांचे आठ-दहा प्लॉट काढा. त्यांच्यात खरा प्लॉट मिसळा आणि ज्याला प्रयोग माहीत नाही अशा मैत्रिणीला विचारा, यातला वेगळा कुठला? तिने पहिल्या झटक्यात खऱ्यावर बोट ठेवलं तर आकार भास नाही. तिला ओळखता आला नाही तर तुम्हीही त्यात फार काही वाचू नका.

आडव्या अक्षावर नेमकं काय घ्यायचं: x, अंदाजित किंमत की प्रत्यक्ष वाचन?

एकच x असेल तेव्हा x आणि अंदाजित किंमत यांनी चित्र तेच येतं. आपल्या ड्रममध्ये उतार उणे असल्याने अंदाजित किंमत घेतली तर चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं होतं, एवढाच फरक. x एकाहून अधिक असतील तर अंदाजित किंमत घ्या आणि मग प्रत्येक x साठी वेगळा प्लॉटही काढा.

प्रत्यक्ष वाचन मात्र घेऊ नका. रेसिड्युअल आणि प्रत्यक्ष y यांच्यात गणिताने ठरलेलं सहसंबंधन असतंच, ते √(1 − R²) इतकं असतं. R² ०.६७ असेल तर ते ०.५७ भरतं आणि मॉडेल पूर्ण निर्दोष असूनही ठिपके तिरके चढताना दिसतात. जर्नल तपासताना ही चूक बरेचदा सापडते, आणि मग मुलं नसलेला दोष शोधत बसतात.

माझ्या प्लॉटमध्ये वक्र नाही, पण ठिपके सरळ तिरके चढतायत. x च घेतला आहे.

मग गणितात काहीतरी चुकलंय. लीस्ट स्क्वेअर्सची रेषा इंटरसेप्टसह बसवली की रेसिड्युअलची बेरीज शून्य येते आणि त्यांचा x शी सहसंबंधही शून्य येतो. हे कुठल्याही डेटाला लागू आहे, डेटा कितीही वाकडा असला तरी. म्हणून खऱ्या रेसिड्युअल प्लॉटमध्ये सरळ तिरकेपणा उरूच शकत नाही. आपल्या तक्त्यात अधिक रेसिड्युअलची बेरीज ३.७८ आणि उणेंचीही ३.७८ आहे, बेरीज करून बघा.

तिरकेपणा आला तर दोन जागा तपासा. उतार लिहिताना आकडे आधीच कापून टाकले का? −२.६९९ ऐवजी −२.७ चालेल, −३ चालणार नाही. आणि एक्सेलमध्ये `Constant is Zero` वर टिक झाली आहे का? तसं असेल तर रेषा जबरदस्तीने शून्यातून नेली जाते.

एक्सेलमध्ये हा प्लॉट कुठे मिळतो?

`Data` टॅबमधल्या `Data Analysis` मध्ये `Regression` निवडा आणि `Residual Plots` वर टिक करा. `Data Analysis` दिसत नसेल तर आधी `Analysis ToolPak` हे ॲड-इन चालू करावं लागतं. शेजारचा `Line Fit Plots` हा वेगळा प्लॉट आहे. त्यात मूळ वाचनं आणि अंदाज एकत्र असतात आणि ड्रमसारख्या डेटात वक्र नजरेतून सहज निसटतो. R हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात t आणि h ची वाचनं भरल्यावर

```r
plot(lm(h ~ t), which = 1)
```

एवढं पुरे. त्यात सॉफ्टवेअर एक लाल वक्र स्वत:हून काढतं. ठिपके कमी असले की तो टोकांपाशी उगाच वळतो, त्यामुळे आधी ठिपके बघा, लाल रेघ नंतर.

आणि उभ्या अक्षावरचे आकडे वाचल्याशिवाय काहीही ठरवू नका. सॉफ्टवेअर प्रत्येक प्लॉट ताणून पूर्ण चौकट भरतं. आपल्या दुसऱ्या प्लॉटमधले ०.०१४ आणि पहिल्यातले १.३६ स्क्रीनवर सारख्याच उंचीचे दिसतात.

ठिपके एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला पसरलेले आहेत. ही पण सरळ रेषेची चूक आहे का?

ही वेगळी गोष्ट आहे. ठाणे स्टेशनपासून घोडबंदर रोडवर अंतर आणि रिक्षाला लागणारा वेळ यांचा डेटा घेतलात तर साधारण असंच दिसेल. कापूरबावडीपर्यंतच्या वेळांत फरक थोडा, मानपाड्यापर्यंत जास्त, कासारवडवलीपर्यंत त्याहून जास्त, कारण वाटेत अडकण्याच्या जागा वाढत जातात. अंतराबरोबर सरासरी वेळ सरळ रेषेतच वाढत असेल तर रेषा बरोबर आहे. चुकतो तो अंदाजाचा पट्टा. सॉफ्टवेअर सगळ्या अंतरांसाठी जवळपास एकाच रुंदीचा पट्टा देतं, आणि तो जवळच्या प्रवासाला फार रुंद, लांबच्याला फार अरुंद पडतो.

ड्रममध्ये हीच गोष्ट वर्गमूळ घेतल्यामुळे हळूच शिरते. पातळीत एक मिलिमीटरची चूक ३६ सेंटीमीटरवर √h मध्ये ०.००८ इतकी होते, ९ सेंटीमीटरवर ०.०१७ आणि १ सेंटीमीटरवर ०.०५. ९ पर्यंतच थांबलो तर फार जाणवत नाही. पुढे गेलात तर खालच्या वाचनांना कमी वजन द्यावं लागेल.

एक वाचन चुकीचं लिहिलं गेलं तर प्लॉटमध्ये दिसेल का?

मधलं असेल तर लगेच. टोकाचं असेल तर जरा झाकलं जातं, कारण टोकाचा ठिपका रेषेला स्वत:कडे ओढून घेतो. आपल्या अकरा वाचनांत पाचव्या मिनिटाचं वाचन १ सेंटीमीटरने चुकलं तर त्यातली ०.९१ त्याच्या रेसिड्युअलमध्ये दिसते. दहाव्या मिनिटाचं तेवढंच चुकलं तर ०.६८ दिसते आणि बाकीची चूक इतर ठिपक्यांत वाटली जाते. म्हणून शेवटचं वाचन घाईत घेऊ नका. शक्य असेल तर पहिलं आणि शेवटचं वाचन दोघांनी मिळून घ्या.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीला हे लागू होईल का? पाणी बंद असलं की टाकी किती वेळ पुरेल ते काढायचंय.

ऐरोलीच्या एका विद्यार्थ्याने हे विचारलं होतं. प्रश्न चांगला आहे, पण टोरिचेल्लीचा नियम तिथे चालणार नाही. ड्रमचं भोक सतत उघडं आहे. टाकीची पातळी मात्र घराघरांत नळ कधी उघडतात यावर उतरते. तासातासाची पातळी घेऊन सरळ रेषा बसवलीत तर रेसिड्युअल वाटीसारखे येणार नाहीत. सकाळच्या गर्दीत ते भराभर खाली उतरतील, दुपारी कामं थांबली की हळूहळू वर चढतील, संध्याकाळी पुन्हा उतरतील. वर्गमूळ किंवा लॉग घेऊन ही लाट जाणार नाही, कारण तिचं कारण पातळीत नाही, घड्याळात आहे. मॉडेलमध्ये सकाळ, दुपार, संध्याकाळ असा भाग घालावा लागेल आणि रविवार वेगळा धरावा लागेल.

ड्रम पूर्ण रिकामा होईपर्यंत वाचनं घेतली तर √h ची रेषा शेवटपर्यंत बसते का?

नाही. पातळी भोकाच्या व्यासाच्या जवळ आली की नियमामागची गृहीतकं सुटतात. भोकाच्या वरच्या कडेला आणि खालच्या कडेला दाब वेगळा असतो, आणि ३६ सेंटीमीटरवर न जाणवणारा हा फरक ५ मिलिमीटरवर मोठा होतो. पृष्ठताणामुळे सलग धार तुटून थेंब पडायला लागतात आणि थोडं पाणी भोकाशी अडूनच राहतं. त्यामुळे √h चा रेसिड्युअल प्लॉट बराच वेळ शून्याभोवती राहतो आणि अगदी शेवटच्या एक-दोन मिनिटांत ठिपके एका बाजूला सुटतात.

ती वाचनं खोडू नका. जर्नलमध्ये प्लॉट पूर्ण द्या, ठिपके कितव्या मिनिटाला आणि किती पातळीवर सुटायला लागले ते लिहा, आणि रिग्रेशन त्याच्या आधीच्या वाचनांवर पुन्हा करा. मॉडेल कुठपर्यंत चालतं ती मर्यादा तुम्ही स्वत: मोजलेली असते, म्हणून तोंडी परीक्षेत त्यावर प्रश्न आला तर उत्तर प्लॉटवर बोट ठेवून देता येतं.